'हॅलो???' असा संदेश आला की काय लिहावे? आंब्याच्या ऑर्डरी घेणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यातील आमच्या बागेचा हापूस मार्चच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत पुण्यामुंबईकडच्या घरांमध्ये थेट जातो आणि ऑर्डरींचा फोन मी सांभाळते. हंगामाच्या भरात उत्तरे तुंबतात, आणि मग एखाद्या संध्याकाळी कालच्या प्रश्नाखाली नुसते 'हॅलो???' येऊन पडते. अशा वेळी काय लिहावे, हे आसपासचे बागायतदार आणि घरून लोणची-पापड विकणाऱ्या मैत्रिणी मला सतत विचारत असतात. त्यांचेच प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे आंब्याच्या व्यवहारातून आलेली असल्यामुळे उदाहरणेही त्याच व्यवहारातील आहेत.

१. ग्राहक नुसते 'हॅलो???' का लिहितो? प्रश्न तर त्याने आधीच विचारलेला असतो.

म्हणूनच तो पुन्हा विचारत नाही. पेटी कधी येणार, हा त्याचा पहिला प्रश्न होता. 'हॅलो???' हा दुसराच प्रश्न आहे आणि त्याचा अर्थ 'तिकडे कोणी आहे का' असा होतो. आगाऊ पैसे भरलेल्या माणसाच्या बाबतीत त्याला आणखी एक पदर असतो, तो म्हणजे 'मी फसलो तर नाही ना'. समोरच्याने दुकान पाहिलेले नाही, बाग पाहिलेली नाही, त्याच्या हातात फक्त एक फोन क्रमांक आहे आणि तोही गप्प आहे. तीन प्रश्नचिन्हांत राग असतोच, परंतु माझ्या अनुभवात त्या रागाखाली बहुतेक वेळा भीती असते.

हे लक्षात घेतले की उत्तराचा क्रम आपोआप ठरतो. आधी दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, म्हणजे आम्ही आहोत, तुम्ही किती वेळ थांबलात हे आम्हाला दिसते आहे आणि ते चुकले, असे सांगायचे. त्यानंतर पहिल्या प्रश्नाकडे वळायचे. हा क्रम उलटा केला, म्हणजे एकदम 'पेटी उद्या येईल' एवढेच लिहिले, तर माहिती बरोबर असूनही माणूस शांत होत नाही आणि पुढचा संदेश हमखास 'पण काल उत्तर का दिले नाही?' असा येतो.

२. मग पहिले वाक्य नेमके कसे असावे?

त्यात ग्राहकाच्या बाजूने घडलेली गोष्ट असावी आणि ती वेळेसकट असावी. 'तुम्ही काल दुपारी विचारले आणि आज रात्रीपर्यंत आमच्याकडून एक शब्दही आला नाही' हे वाक्य मी जवळजवळ याच रूपात वापरते. यात भावनेचा अंदाज बांधलेला नाही, फक्त जे झाले ते मांडलेले आहे. वाचणाऱ्याला त्यातून कळते की कोणीतरी वर जाऊन त्याचा जुना संदेश शोधला आहे आणि त्यावरची वेळ पाहिली आहे.

'तुम्हाला राग आला असेल, समजू शकते' हे वाक्य मात्र मी टाळते. राग आला की नाही हे आपण त्याला सांगणे विचित्र वाटते, आणि ज्याला राग आलेला नव्हता त्याच्या मनात तो उगाच उभा राहतो. ताटकळणे ही घडलेली गोष्ट आहे, राग हा आपला तर्क आहे, आणि आपण घडलेल्या गोष्टीबद्दलच बोलावे.

पहिले वाक्य झाले की लगेच एक छोटी, स्वच्छ माफी यावी, म्हणजे 'हे आमचे चुकले, माफ करा' इतकीच. ती लांबवू नये, कारण दिवसभर थांबलेल्या माणसाला आपल्या उत्तराच्या सुरुवातीलाही पुन्हा थांबावे लागू नये. कबुलीला दोन ओळी पुरेत आणि तिसऱ्या ओळीत त्याचे उत्तर सुरू झालेले असावे.

३. मी 'बोला ना' असे लिहिते. त्यात काय वाईट आहे? फोनवर आपण असेच तर म्हणतो.

फोनवर ते योग्यच आहे, कारण फोनवर समोरच्याने अजून काही सांगितलेले नसते. लेखी संभाषणात त्याचा प्रश्न वर तसाच दिसत असतो. त्याने सविस्तर विचारलेले असताना, दिवसभर वाट पाहिलेली असताना आणि शेवटी 'हॅलो???' लिहिलेले असताना आपण 'बोला' म्हटले, तर त्याचा अर्थ 'तुम्ही आधी काय लिहिले ते मी वाचलेच नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगा' असा होतो. मला असे वाटते की मराठी विक्रेत्यांच्या हातून होणारी ही सर्वांत नेहमीची चूक आहे आणि ती अगदी चांगल्या मनाने होते. 'हां', 'जी', 'येस' यांचेही तेच आहे.

उत्तर लिहिण्याआधी संभाषणात वर जाऊन शेवटचा अनुत्तरित प्रश्न शोधायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट घ्यावा. वर काहीच सापडले नाही, तर काय करायचे ते प्रश्न ११ मध्ये आहे.

४. 'आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' हे वाक्य सभ्य आहे. ते का वापरू नये?

ते सभ्य आहे, पण ते रेल्वे स्थानकावरच्या घोषणेतून आपल्या कानात बसलेले वाक्य आहे. ते ऐकणाऱ्याला माहीत असते की ते सगळ्यांसाठी एकदम म्हटले जात आहे. ज्याची तक्रारच 'माझ्याकडे कोणी लक्ष देत नाही' अशी आहे, त्याला सर्वांसाठीचे वाक्य दिले तर ती तक्रार पक्की होते. शिवाय 'झालेल्या गैरसोयीबद्दल' या रचनेत गैरसोय आपोआप झाल्यासारखी वाटते, ती कोणी केली हे त्यात येत नाही. 'आम्ही उत्तर दिले नाही' यात कर्ता आहे, आणि माणसाला तो कर्ताच ऐकायचा असतो.

'माफ करा', 'दिलगीर आहे', 'क्षमा असावी' यांपैकी कोणताही शब्द चालेल. त्याच्या मागे 'पण' येऊ देऊ नये, एवढीच काळजी घ्यावी. 'माफ करा, पण हंगाम चालू आहे' असे लिहिले की 'पण'च्या आधीचे सारे पुसले जाते.

५. उशीर का झाला, ते सांगायचेच नाही का? आमच्याकडे खरोखर दोन दिवस वीज नव्हती.

सांगावे, पण ते उत्तरानंतर आणि एका वाक्यात. उशिराचे कारण आधी आले की ते सबबीसारखे वाचले जाते, आणि ग्राहकाचे काम झाल्यावर आले की तेच कारण माहिती म्हणून वाचले जाते. 'दोन दिवस गावात वीज नव्हती, त्यामुळे फोन बंद होता' हे पुरेसे आहे. खांब कुठे पडला आणि दुरुस्तीला माणूस कधी आला, हे सांगायची गरज नाही.

घरात दुःखद घटना घडली असेल तर काय करावे, असेही काहींनी विचारले आहे. तेही एका ओळीत लिहावे, तपशील देऊ नये. अशी बातमी लांबवली की ग्राहकालाच आपण उगाच तगादा लावल्याचा संकोच वाटतो, आणि त्याचा मूळ प्रश्न पुन्हा मागे पडतो.

जे कारण खरे नाही ते मात्र कधीही लिहू नये. 'आत्ताच मेसेज पाहिला' असे लिहिले आणि समोर निळ्या खुणा कालच्याच असल्या, तर पुढचे एकही वाक्य खरे धरले जात नाही (प्रश्न ९ पाहा).

६. एक पूर्ण उदाहरण दाखवाल का?

दाखवते. कोथरूडच्या एक काकू बरीच वर्षे आमच्याकडून आंबे घेतात. त्यांनी सोमवारी चार डझनांच्या पेटीचे पैसे भरले. बुधवारी दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी त्यांनी विचारले, 'पेटी कधी पोहोचेल? रविवारी अक्षय तृतीया आहे, नैवेद्याला तयार आंबे हवेत.' त्या दिवशी आम्ही सगळे पेट्या भरण्यात होतो आणि उत्तर राहिले. गुरुवारी रात्री ९ वाजून २० मिनिटांनी त्यांचे 'हॅलो???' आले, म्हणजे मध्ये २९ तास गेले होते.

माझ्या भाच्याने पहिला मसुदा असा लिहिला: 'नमस्कार, सध्या हंगामामुळे खूप गर्दी आहे, पेटी निघाली आहे, लवकरच मिळेल, गैरसोयीबद्दल क्षमस्व.' यात खोटे काही नव्हते, पण काकूंच्या प्रश्नाचे उत्तरही नव्हते. त्यांनी पेटीबरोबर तयार आंब्याबद्दलही विचारले होते, आणि खरी अडचण तेथेच होती. पेटीत जाणारा हापूस झाडावरून उतरवलेला कच्चा असतो आणि पेंढ्यात घालून ठेवल्यावर तो पिकायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. मंगळवारी उतरवलेला आंबा रविवारी नैवेद्याला तयार होणार नव्हता. हे त्यांना बुधवारीच सांगायला हवे होते. म्हणजे उशीर एका दिवसाचा असला तरी त्या उशिराने त्यांच्या हातातला पर्याय शोधण्याचा दिवस काढून घेतला होता. कबुली याचीही द्यायला हवी होती.

शेवटी मी हे पाठवले:

> काकू, तुम्ही काल दुपारी विचारले आणि आज रात्रीपर्यंत आमच्याकडून एक शब्दही आला नाही. सणाच्या तोंडावर तुम्हाला ताटकळत ठेवले, हे आमचे चुकले. माफ करा.
>
> पेटी आज संध्याकाळी ७ च्या गाडीने निघाली आहे. उद्या, शुक्रवारी, दुपारी १ पर्यंत घरी येईल.
>
> त्यातले आंबे मंगळवारी उतरवलेले आहेत, ते रविवारपर्यंत तयार होणार नाहीत. हे कालच सांगायला हवे होते. नैवेद्यासाठी आढीतले अर्धा डझन तयार आंबे उद्याच्या गाडीने वेगळे पाठवते, शनिवारी दुपारपर्यंत मिळतील. त्यांचे पैसे नकोत.
>
> चालेल ना, एवढेच कळवा.

पहिल्या परिच्छेदात पेटीचा उल्लेख नाही, कारण तो 'हॅलो???' चे उत्तर आहे. दुसऱ्यात वार आणि तास दोन्ही आहेत. तिसऱ्यात न आवडणारी बातमी आहे आणि तिला लागूनच तोडगा आहे. शेवटच्या ओळीत काकूंना फक्त हो किंवा नाही म्हणायचे आहे. चार मिनिटांत 'चालेल गं' असे उत्तर आले.

७. ग्राहकाने विचारले आहे, पण उत्तर अजून माझ्याकडेच नाही. मी उत्तर मिळेपर्यंत थांबू का?

थांबू नये. 'हॅलो???' आल्यावर पुन्हा गप्प राहिलो, तर पुढचा संदेश येत नाही, थेट पैसे परत मागितले जातात. कबुलीसाठी माहिती लागत नाही, त्यामुळे ती लगेच देता येते. त्यानंतर आपण काय शोधत आहोत आणि पुन्हा कधी लिहिणार, हे सांगावे: 'पेटी गाडीतून उतरली का, हे गाडीवाल्याला विचारले आहे. त्याचे उत्तर आले नाही तरी संध्याकाळी ६ वाजता मी तुम्हाला लिहीन.' या वाक्यातील 'उत्तर आले नाही तरी' हे शब्द महत्त्वाचे आहेत, आणि सहा वाजता खरोखर लिहावे लागते. त्या वेळी सांगण्यासारखे काही नसले तरी 'अजून कळलेले नाही, आता रात्री ९ ला लिहिते' एवढे तरी जायला हवे. मी यासाठी फोनमध्ये गजर लावते.

'लवकरच', 'बघते', 'कळवते', 'आज-उद्याकडे' हे शब्द अशा संदेशात ठेवू नयेत. त्यांचा आपल्या मनातला अर्थ वेगळा आणि वाट पाहणाऱ्याच्या मनातला वेगळा असतो. 'परवा' तर मुळीच लिहू नये. मराठीत तो मागचाही दिवस असतो आणि पुढचाही. 'पेटी परवा गाडीत चढवायची ठरली' या वाक्यावरून पेटी निघून गेली आहे की निघायची आहे, हे कळत नाही, आणि चिडलेला माणूस त्यातून वाईट तेच वाचतो. रात्री बारानंतर लिहिलेला 'उद्या' असाच फसवा असतो. वार लिहावा, शक्य असेल तर तारीखही.

८. 'तुम्ही' लिहावे की 'आपण'? काकू, ताई, दादा म्हणावे का?

आधीच्या संभाषणात जे चालू होते तेच पुढे ठेवावे. एरवी 'तुम्ही' आणि 'ताई' म्हणणारी विक्रेती तक्रार येताच 'आपण' आणि 'मॅडम' वर गेली, तर ग्राहकाला ती मागे सरकल्यासारखी वाटते. उलट, ओळख नसलेल्या चिडलेल्या माणसाला एकदम 'दादा' म्हटले, तर त्याचा राग आपण सलगीने उडवून लावतो आहोत, असे त्याला वाटू शकते. ओळख नसेल तेथे आडनावाला 'साहेब' किंवा 'ताई' लावावे, किंवा नुसते 'नमस्कार' म्हणून 'तुम्ही' ने सुरुवात करावी.

'शांत राहा' आणि 'जरा धीर धरा' हे मात्र कोणालाही लिहू नये. ज्याने २९ तास धीर धरला, त्याला धीर धरायला सांगणे अन्यायाचे आहे.

९. संदेश माझ्या मुलाने उघडला होता. खुणा निळ्या झाल्या, पण उत्तर कोणीच दिले नाही. आता काय लिहू?

जे झाले तेच लिहावे: 'तुमचा संदेश काल आमच्याकडे वाचला गेला, पण उत्तर द्यायचे राहून गेले.' मुलाचे नाव घेऊ नये, कारण ग्राहकाचा व्यवहार तुमच्याशी आहे आणि आत कोणाची चूक झाली यात त्याला रस नसतो.

हा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून एक सवय उपयोगी पडते. व्हॉट्सॲप बिझनेसचे एकच खाते फोनवर आणि संगणकावर दोन्हीकडे चालू असते, तेव्हा एकाने उघडलेला संदेश दुसऱ्याला नवीन म्हणून दिसत नाही. म्हणून ज्याने उघडला पण उत्तर दिले नाही, त्याने ते संभाषण पुन्हा 'न वाचलेले' करून ठेवावे किंवा त्याला 'उत्तर बाकी' असे लेबल लावावे. आमच्याकडे रात्री जेवणाआधी त्या लेबलाखालची यादी रिकामी करायची, असा नियम आहे. तो पाळायला लागल्यापासून 'हॅलो???' पुष्कळ कमी झाले.

१०. आपोआप जाणारे उत्तर लावून ठेवले तर हा प्रश्नच सुटेल ना?

काही अंशी सुटतो. कामाच्या वेळेबाहेर आलेल्या पहिल्या संदेशाला 'आम्ही सकाळी ९ ते रात्री ८ उत्तर देतो' असे गेले, तर रात्री अकराला लिहिणारा सकाळपर्यंत निर्धास्त राहतो. अडचण दुसऱ्या वेळी येते. चिडून लिहिलेल्या 'हॅलो???' लाही तेच यंत्राचे उत्तर गेले, आणि त्यात 'संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद' असले, तर ते झोंबते. म्हणून असा मजकूर कोरडा आणि उपयोगाचा ठेवावा. त्यात आभार नकोत, फुले नकोत, फक्त वेळ असावी आणि अडलेल्यांसाठी फोन कधी चालेल ते असावे. हंगामात हा मजकूर बदलायलाही हवा. उत्तराला खरोखर एक दिवस लागत असेल, तर तसेच लिहून ठेवावे.

झटपट उत्तरांच्या सोयीत कबुलीचे वाक्य साठवून ठेवावे का, असेही विचारले जाते. गाडीची वेळ, आंबा पिकवण्याची पद्धत, बँकेचा तपशील हे जरूर साठवावे. कबुली मात्र दर वेळी हाताने लिहावी, कारण तिच्यातला वार आणि वेळ प्रत्येकासाठी निराळी असते.

११. वर कोणताच प्रश्न नाही. नुसते 'हाय', मग 'हॅलो', मग 'हॅलो???' असेच आहे. कशाची कबुली देऊ?

वाट पाहण्याचीच. त्याने प्रश्न लिहिला नसला तरी तो थांबलेला आहे, आणि आधी प्रश्न लिहायला हवा होता हे शिकवण्याची ही वेळ नाही. 'सकाळपासून तुमचे तीन संदेश आले आणि आम्ही एकालाही उत्तर दिले नाही, माफ करा' असे लिहावे. मग 'बोला' न म्हणता दोन नेमके पर्याय समोर ठेवावेत: 'नवीन पेटीबद्दल विचारायचे आहे की आधीच्या ऑर्डरीबद्दल? आधीची असेल तर ज्या नावाने दिली ते नाव कळवा, मी लगेच पाहते.' कधी कधी त्याने प्रश्न दुसऱ्याच क्रमांकावर विचारलेला असतो किंवा फोनवर घरातल्या कोणाशी तरी बोललेला असतो. नावावरून ते सापडते.

१२. पैसे त्याच्या खात्यातून गेले, आमच्याकडे आले नाहीत, आणि आता तो दर तासाला 'हॅलो???' पाठवतो आहे. चूक बँकेची असताना मी माफी मागू का?

बँकेच्या चुकीची माफी मागू नये, आपल्या गप्प राहण्याची मागावी. 'पैसे गेल्याचे तुम्ही सकाळी कळवले आणि आम्ही दुपारपर्यंत काहीच बोललो नाही' इतके आपले आहे. त्यापुढे जी माहिती आहे ती द्यावी. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे वजा होऊन समोर जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत जायला हवेत. व्यापाऱ्याला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. मुदत उलटल्यास बँकेने ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. ही मुदत सांगितली की तासातासाला विचारणारा माणूस बराचसा थांबतो, कारण त्याला किती थांबायचे ते कळलेले असते.

त्याच्याकडून व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक मागावा आणि आपल्या बँकेत त्यावरून चौकशी करावी. पिन, ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक मागू नये. घाबरलेला माणूस विचारेल ते देऊन बसतो. पैसे अडकलेले असताना 'तोपर्यंत पुन्हा भरा' असेही म्हणू नये. पेटी राखून ठेवता येत असेल तर किती दिवस ठेवता येईल, ते सांगावे.

१३. उशिराने द्यायचे उत्तरच नकाराचे असेल तर? पेटी मिळणारच नाही, किंवा आंब्यात साका निघाला आहे आणि आम्ही दोन दिवस उत्तर दिले नाही.

कबुली आधीच यावी, पण ती नेहमीपेक्षाही छोटी असावी आणि तिच्या लगेच मागे नकार स्पष्ट शब्दांत यावा. माफीची मोठी प्रस्तावना वाचून माणूस आशा धरतो किंवा संशय घेतो, आणि दोन्हींनी खालचा नकार अधिक बोचतो. 'तुम्ही शनिवारी विचारले, उत्तर आज सोमवारी देते आहे, हे चुकले. या आठवड्यात पेटी देता येणार नाही. पैसे आज संध्याकाळपर्यंत परत पाठवते' असे लिहावे.

साक्याच्या तक्रारीत आणखी एक गोष्ट आहे. साका बाहेरून दिसत नाही, आंबा कापल्यावरच गर पांढरट, स्पंजासारखा निघतो. त्यामुळे विक्रेत्याने तो मुद्दाम दिला असे सहसा नसते, आणि आपल्याला तेच आधी सांगावेसे वाटते. तरीही आधी दोन दिवसांच्या शांततेची कबुली द्यावी, मग किती आंबे खराब निघाले ते विचारून तेवढे बदलून द्यावेत किंवा त्यांचे पैसे द्यावेत, आणि साका कसा होतो हे सगळ्यात शेवटी, तेही त्याने विचारले तर सांगावे. दोन दिवस गप्प राहून मग शास्त्र सांगणाऱ्या माणसाचे कोणी ऐकत नाही.

१४. मी उत्तर दिले होते, पण ते पोहोचलेच नाही. एकच खूण दिसते आहे. तरीही चूक माझीच म्हणू का?

खोटी चूक कबूल करू नये, पण वाट पाहणे खरेच झालेले आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करावी: 'तुम्ही कालपासून थांबला आहात आणि तुमच्यापर्यंत काहीच पोहोचले नाही.' मग उत्तर पूर्ण द्यावे, 'वर पाहा' म्हणू नये. शेवटी 'मी काल ५ वाजता लिहिले होते, ते अडकलेले आज दिसले' असे सांगावे. हाच मजकूर 'मी तर कालच उत्तर दिले होते' या वाक्याने सुरू केला की तो भांडण होतो. ग्राहक खरोखर चुकला असेल, म्हणजे उत्तर पोहोचले, त्याने उघडलेही आणि तो विसरला, तरी उत्तर पुन्हा लिहावे. मात्र त्यात माफी मागू नये: 'पुन्हा पाठवते, म्हणजे शोधावे लागणार नाही.'

१५. रात्री साडेअकराला 'हॅलो???' आले आणि मी जागी आहे. उत्तर द्यावे का?

माल वाटेत असेल किंवा पैशांचा घोळ असेल तर द्यावे, कारण त्या माणसाची झोप अडलेली आहे. दोन ओळींची कबुली आणि सकाळी कितीला लिहिणार ते सांगितले की पुरे. चिडलेल्या स्वरात आणि दमलेल्या डोळ्यांनी सविस्तर उत्तर लिहू नये. पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत सुधारता येतो, पण तोवर समोरच्याने तो वाचलेला असतो. परदेशातून आईवडिलांसाठी पेटी मागवणाऱ्यांचा मुद्दा वेगळा आहे. अमेरिकेतून लिहिणाऱ्या मुलीची ती सकाळ किंवा दुपार असते, आणि तिच्या दृष्टीने तिने अगदी योग्य वेळी विचारलेले असते.

१६. फोन करणे जास्त चांगले नाही का?

उशीर दोन दिवसांहून अधिक झाला असेल, ग्राहक वयस्कर असतील किंवा प्रश्न १३ सारखी नकाराची बातमी असेल, तर फोन करावाच. पण आधी कबुलीचा लेखी संदेश पाठवावा आणि त्यात 'आत्ता फोन करू का?' असे विचारावे. इतका वेळ गप्प राहून एकदम फोन केला तर समोरचा माणूस कामात सापडतो आणि मनात साठलेले सगळे पहिल्या वाक्यातच बाहेर पडते. आवाजी संदेश मात्र या प्रसंगी टाळावा. दीड मिनिटाच्या ध्वनिफितीत उत्तर कोठे आहे हे शोधायला ग्राहकाला ती पूर्ण ऐकावी लागते.

१७. त्याने शिवी दिली तर?

शिवीला उत्तर देऊ नये आणि तिच्यामुळे कबुलीही रोखू नये. उशीर झाला होता हे खरेच असते. तीच दोन वाक्ये, तेच उत्तर, तोच वार आणि वेळ. पुढेही शिव्या चालू राहिल्या, विशेषतः फोनवर असलेल्या मुलीला उद्देशून, तर एकदाच लिहावे: 'तुमचे काम मी पूर्ण करते आहे, पण या भाषेत पुढे बोलणार नाही.' आणि काम खरोखर पूर्ण करावे. आम्ही अशा दोन ग्राहकांना पेटी वेळेवर दिली, आणि पुढच्या वर्षी त्यांची ऑर्डर घेतली नाही.

१८. मी सगळे नीट लिहिले आणि आता तोच गप्प आहे. पुन्हा विचारू का?

उत्तरात तुम्ही काही विचारले नसेल, तर विचारू नये. त्याला हवे ते मिळाले आणि तो कामाला लागला, असे समजावे. तुम्ही काही विचारले असेल, जसे प्रश्न ६ मधले 'चालेल ना', आणि गाडी सुटायची वेळ जवळ येत असेल, तर एकदाच लिहावे: 'गाडी ६ ला निघते. तुमचे उत्तर आले नाही तर ५ वाजता आंबे गाडीत ठेवते.' त्याला उद्देशून प्रश्नचिन्हे मात्र पाठवू नयेत.